फ्राइजमधलं पाणी आणि बास्केटचा झटका

फ्रोझन फ्राइज कच्चे नसतात, आणि एअर फ्रायरच्या तापमानाचा-वेळेचा सगळा घोळ समजायला सुरुवात इथूनच करावी लागते. पाकिटात येण्याआधी हा बटाटा बरंच काही सोसून आलेला असतो. कारखान्यात तो सोलून कापतात, मग काप गरम पाण्यातून काढतात. त्यात बटाटा अर्धवट शिजतो आणि पृष्ठभागावरची जास्तीची साखर धुऊन जाते. साखर कापाकापागणिक कमीजास्त राहिली तर रंगही तसाच डागाडागांचा येतो. त्यानंतर काप गरम हवेत थोडे सुकवतात, तेलात जेमतेम मिनिटभर तळतात आणि लगेच गोठवतात. म्हणजे शिजवण्याचं काम जवळजवळ झालेलं असतं, आणि पहिल्या तळणीचं थोडं तेलही कापाला आधीच लागलेलं असतं.

मग एअर फ्रायरने करायचं काय? बर्फ वितळवायचा, काप आतून गरम करायचा आणि बाहेरच्या थरातलं पाणी घालवायचं. यातलं तिसरं काम सगळ्यात जड आहे. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो 100 अंशांच्या वर जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. खमंग वास आणि सोनेरी रंग देणारी मेलार्ड अभिक्रिया जोमाने सुरू व्हायला साधारण 140 अंश लागतात. त्यामुळे आधी कोरडेपणा, मग रंग. हा क्रम कुठल्याही बटणाने बदलत नाही.

आपण एकच उदाहरण धरून चालू. साधारण 9 मिलिमीटर जाडीचे 400 ग्रॅम फ्राइज, फ्रीजरमधून थेट काढलेले, म्हणजे उणे 18 अंशांवरचे. यंत्र घराघरांत दिसतं तसं चार लिटरचं, 1500 वॅटचं. या 400 ग्रॅममध्ये पाणी सुमारे 270 ग्रॅम असतं. ते बर्फाच्या रूपात शून्यापर्यंत आणायचं, वितळवायचं, मग पाणी आणि बटाटा दोन्ही शंभरापर्यंत तापवायचे, या सगळ्याला मिळून ढोबळ हिशेबाने 240 किलोज्यूल उष्णता लागते. फ्राइज कुरकुरीत होऊन बाहेर येतात तेव्हा त्यांचं वजन साधारण एक तृतीयांशाने उतरलेलं असतं. म्हणजे 130 ग्रॅमच्या आसपास पाणी वाफ होऊन गेलेलं असतं. तेवढं पाणी उडवायला एकट्याला 290 ते 300 किलोज्यूल लागतात. निम्म्याहून जास्त उष्णता निव्वळ पाणी घालवण्यात जाते. घरात वजनकाटा असेल तर आधी आणि नंतर वजन करून बघा. वजन फारसं उतरलं नसेल, तर रंग कितीही आला तरी फ्राइज ताटात आल्यावर मान टाकणार हे नक्की.

आता गंमत बघा. एकूण गरज सुमारे 530 ते 540 किलोज्यूल. 1500 वॅटचं यंत्र मिनिटाला 90 किलोज्यूल देतं. या हिशेबाने सहा मिनिटांत काम व्हायला हवं. प्रत्यक्षात लागतात पंधरा. यंत्राच्या भिंतींतून थोडी उष्णता बाहेर जाते हे खरं, पण मुख्य कारण ते नव्हे. कारण हे, की हवा उष्णता पोचवण्यात फार कच्ची आहे. गरम तेल कापाला सगळीकडून चिकटतं आणि भराभर उष्णता देतं. हवा विरळ असते, कितीही जोरात फिरवली तरी तेलाची बरोबरी करू शकत नाही. शेवटच्या मिनिटांत तर फ्राइज पुरेशी उष्णता घेतच नाहीत. आतली हवा ठरवलेल्या तापमानाला पोचते, थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, पुन्हा चालू करतो. वीज आहे, कॉइल आहे, उष्णता आहे, फक्त ती कापात शिरायला पुरेशी उघडी जागा नाही.

म्हणजे अडतं ते उघड्या पृष्ठभागापाशी, आणि बास्केट हलवण्याचं महत्त्व इथून सुरू होतं.

चारशे ग्रॅम फ्राइज बास्केटमध्ये ओतले की ते एका थरात बसत नाहीत, दोन-तीन थर होतात. जिथे काप कापावर टेकतो तिथे हवा पोचत नाही. त्या फटीतली वाफ बाहेर पडू शकत नाही, ती शेजारच्या थंड कापावर पुन्हा पाणी होऊन बसते. वरच्या थराला दुहेरी फायदा असतो, कारण कॉइल झाकणाच्या बाजूला असते आणि तिची थेट धगही त्याला लागते. खालच्या थराला फक्त जाळीतून येणारी हवा, तीही ढीग दाट असेल तर अडलेली. न हलवता पंधरा मिनिटं ठेवलेली बास्केट उघडून पाहिली तर हे डोळ्यांना दिसतं. वरचे काप टोकांना करपलेले, मधले फिकट आणि ओलसर, आणि एखादा काप उचलून जवळून बघितला तर त्याच्या अंगावर एक पांढरट आडवा पट्टा. दुसरा काप जिथे आडवा पडला होता, नेमका तिथला. त्या पट्ट्यावर बोट दाबलं तर मऊ लागतं, बाजूला कडक.

हलवल्याने नवी उष्णता तयार होत नाही. झाकलेल्या जागा उघड्या होतात, अडकलेली वाफ सुटते, आणि कारखान्यातल्या तळणीचं जे तेल एव्हाना वितळून पातळ झालेलं असतं ते एका कापावरून दुसऱ्यावर पसरतं. या पातळ थराचा फायदा असा की उष्णता पृष्ठभागावर सगळीकडे सारखी लागते आणि रंग एकसारखा येतो.

हलवायचं कसं, यातही फरक आहे. बास्केट आडवी डावी-उजवीकडे हलवली तर ढीग नुसता सरकतो, वरचे वर आणि खालचे खालीच राहतात. सुपात धान्य पाखडतात तसा मनगटातून वर झटका द्यायचा, म्हणजे तळाचे काप उसळून वर येतात. तळाला चिकटलेले असतील तर लाकडी उलथण्याने सोडवून मग झटका द्यायचा.

आणि कधी? आपल्या उदाहरणात यंत्र रिकामं तीन मिनिटं 200 अंशांवर तापवून घ्या, मग फ्राइज घाला आणि तेच तापमान ठेवा. पहिला झटका पाच-सहा मिनिटांनी. त्याआधी गडबड करू नका. दोन-तीन मिनिटांवर काप बाहेरून नुकते वितळलेले असतात, पृष्ठभाग ओला आणि लिबलिबीत असतो, झटक्याने ते तुटतात आणि त्यांचा चुरा तळाशी जाऊन जळतो. धुराचा वास येतो तो बहुतेक वेळा या चुऱ्याचाच. पाच-सहा मिनिटांनी बाहेर पातळ साल धरलेली असते. दुसरा झटका दहाव्या मिनिटाला. तेव्हा कान द्या: पहिल्या वेळी काप धप्प असा बोदा आवाज करतात, दुसऱ्या वेळी तो कोरडा, खडखडता होतो. बाहेरचा थर वाळल्याची ती खूण आहे. तेराव्या मिनिटापासून रंग बघायला लागा, पंधराच्या आसपास काम होतं. बारीक, बुटाच्या नाडीसारख्या कापांना दहा ते बारा मिनिटं पुरतात, जाड वेजेसना अठरा-वीस लागतात.

बास्केट बाहेर काढली की उष्णता जाते, म्हणून मध्ये उघडूच नये, असं बरेच जण मानतात. हिशेब करून पाहिला तर ही भीती फोल ठरते. चार लिटर गरम हवेचं वजन जेमतेम तीन ग्रॅम भरतं. त्या सगळ्या हवेत असलेली जास्तीची उष्णता अर्धा किलोज्यूल, म्हणजे पाव ग्रॅम पाणीसुद्धा उडवायला अपुरी. खरी उष्णता धातूच्या भिंतीत, जाळीत आणि फ्राइजमध्येच असते. दहा-पंधरा सेकंदांत ती कुठे पळून जात नाही. बिनधास्त उघडा. फक्त बास्केट ओट्यावर ठेवून गप्पा मारत बसू नका.

तापमान 200च का? 160वर ठेवलं तर पाणी उडतं, पण सावकाश. तेवढ्या वेळात आतलंही पाणी हळूहळू बाहेर येऊन उडत राहतं. शेवटी काप बाहेरून चिवट आणि आतून कोरडा, पुठ्ठ्यासारखा होतो. 200च्या खूप वर गेलं तर टोकं आणि बारीक तुकडे करपतात आणि मधला भाग ओलाच राहतो. त्यात आणखी एक बाब आहे. बटाट्यासारखे पिठूळ पदार्थ 120 अंशांच्या वर तळले-भाजले की त्यात अ‍ॅक्रिलअमाइड तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 साली दाखवलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या रसायनाने कर्करोग होतो असं दिसलं आहे. रंग जितका गडद तपकिरी, तितकं त्याचं प्रमाण साधारणपणे जास्त. त्यामुळे सोनेरी रंगावर थांबायचं, अजून एक मिनिट म्हणून ताणायचं नाही.

फ्राइज आधी बाहेर काढून वितळवण्याची चूक मात्र करू नका. गोठताना तयार झालेल्या बर्फाच्या स्फटिकांनी बटाट्याच्या पेशी फाटलेल्या असतात. वितळल्यावर त्यांतलं पाणी पृष्ठभागावर येतं, काप लुळा पडतो आणि यंत्राला तेवढं जास्त पाणी उडवावं लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज तास-दोन तास गेली की पाकीट थोडं वितळतं आणि पुन्हा गोठून त्याचा एकच गठ्ठा होतो. पाकिटात पांढऱ्या बर्फाचा भुगा दिसला तर तेही याचंच लक्षण, तो झटकून टाका. गठ्ठा तसाच बास्केटमध्ये टाकला तर आतले काप पहिल्या पाच मिनिटांत उघडेच होत नाहीत. आधी हातानेच सुटे करून घ्या. पाकीट पार वितळून कोमट झालेलं असेल तर मात्र कुरकुरीतपणाची काळजी सोडा, ते फेकून द्या.

पाहुणे आले म्हणून आठशे ग्रॅम एकदम भरले, तर पाणी दुप्पट होतं पण उघडा पृष्ठभाग दुप्पट होत नाही, उलट दाटीने झाकला जातो. मग पंचवीस मिनिटं झाली तरी निम्मे फ्राइज वाफवल्यासारखे निघतात. अशा वेळी वेळ वाढवून उपयोग नसतो, दोन घाण्यांत करावं. पहिला घाणा पसरट ताटात मोकळा ठेवायचा, झाकायचा नाही, कारण आतली वाफ झाकणाखाली अडकून वरची साल परत मऊ करते. दुसरा घाणा होईतो पहिल्याची साल थोडी नरम पडणारच, कारण आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या थरात येतो. दुसरा घाणा तयार झाला की पहिला त्यात मिसळून 200 अंशांवर दोन मिनिटं फिरवा. मीठ अगदी शेवटी, फ्राइज गरम असतानाच घाला, आधी घातलं तर ते पृष्ठभागावर पाणी खेचतं. दुसऱ्या घाण्याला यंत्र पहिल्यापेक्षा जास्त तापलेलं असतं, म्हणून त्याचा रंग तेराव्याऐवजी अकराव्या मिनिटापासूनच बघायला लागा.