पूर्वचाचणीत वर्ग सारखे नसतील तेव्हा: अँकोव्हाचा निकाल कसा वाचायचा
(शैक्षणिक संशोधन करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे विश्लेषणासाठी येणाऱ्या बहुतेक प्रबंधांचा आराखडा एकच असतो. शाळेतले दोन वर्ग जसे आहेत तसे घेतलेले असतात. एका वर्गाला नव्या पद्धतीने शिकवले, दुसऱ्याला नेहमीच्या, आणि दोन्हींची पूर्वचाचणी व उत्तरचाचणी घेतली. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून वाटलेले नसल्यामुळे दोन वर्ग सुरुवातीलाच पुढेमागे असतात. मग मार्गदर्शक सांगतात, "अँकोव्हा लावून घ्या." अँकोव्हा, म्हणजे सहप्रसरण विश्लेषण, या फरकाचे नेमके काय करते आणि कुठे थांबते, हे काम सोपवण्यापूर्वी तुम्हाला माहीत असावे म्हणून हे पत्रक.

एकाच आकडेवारीची तीन उत्तरे

सोयीसाठी आम्ही रचलेले एक उदाहरण घेऊ. चाचणी 40 गुणांची, प्रत्येक वर्गात 40 विद्यार्थी. प्रायोगिक वर्गाचे मध्यमान पूर्वचाचणीत 18 आणि उत्तरचाचणीत 26. नियंत्रित वर्गाचे 14 आणि 21. दोन्ही वर्गांत दोन्ही चाचण्यांचे प्रमाण विचलन 5, आणि वर्गांतर्गत सहसंबंध 0.7.

फक्त उत्तरचाचणी पाहिली तर प्रायोगिक वर्ग 5 गुणांनी पुढे आहे आणि टी-मूल्य 4.47 येते. पण हा वर्ग मुळातच 4 गुणांनी पुढे होता, त्यामुळे या तुलनेला अर्थ नाही. प्रत्येकाची वाढ काढली, म्हणजे उत्तरचाचणीतून पूर्वचाचणी वजा केली, तर एका वर्गाची वाढ 8 आणि दुसऱ्याची 7. फरक फक्त 1 गुणाचा, टी-मूल्य 1.15, सार्थक नाही.

अँकोव्हा या दोहोंच्या मधले उत्तर देतो. तो आधी प्रत्येक वर्गाच्या आत बघतो: एकाच वर्गातल्या दोन मुलांमध्ये पूर्वचाचणीत 1 गुणाचा फरक असेल, तर उत्तरचाचणीत सरासरी किती फरक राहतो? आपल्या उदाहरणात 0.7. हा झाला उतार. मग दोन्ही वर्ग पूर्वचाचणीत एकाच जागी, एकत्रित मध्यमान 16 वर, उभे असते तर काय झाले असते याचा हिशेब होतो. प्रायोगिक वर्ग 16 च्या 2 गुण वर होता, म्हणून त्याचे 26 मधून 0.7 × 2 वजा होऊन 24.6 राहतात. नियंत्रित वर्ग 2 गुण खाली होता, त्याचे 21 मध्ये तेवढेच मिळून 22.4 होतात. समायोजित मध्यमानांतला फरक 2.2 गुण. त्याची प्रमाण त्रुटी सुमारे 0.87, म्हणून एफ-मूल्य 6.4 च्या आसपास, आणि 0.05 स्तरावर निकाल सार्थक.

तर उत्तरे तीन: 5, 1 आणि 2.2. गणित तिन्हींत बरोबर आहे. पहिले सोडून देऊ, पण उरलेल्या दोघांतले कुठले धरायचे हा खरा प्रश्न आहे. फ्रेडरिक लॉर्ड यांनी 1967 मध्ये हीच कोंडी मांडली होती. मुळातच वेगळ्या असलेल्या गटांवर वाढीची तुलना आणि अँकोव्हा वेगवेगळे निष्कर्ष देऊ शकतात, आणि त्यातला बरोबर कोणता हे आकडेवारी स्वतः सांगत नाही.

ते सांगतो वर्ग कसे बनले याचा इतिहास. वाढीची तुलना असे गृहीत धरते की नवी पद्धत नसती तर 4 गुणांचे अंतर तसेच राहिले असते. अँकोव्हा असे गृहीत धरतो की ते अंतर आपोआप आकसून 2.8 झाले असते, कारण पूर्वचाचणीत वर असलेले विद्यार्थी पुढच्या वेळी सरासरीकडे थोडे सरकतात. वर्ग नावांच्या अकारविल्हे किंवा तशाच गुणांशी संबंध नसलेल्या रीतीने पाडले असतील आणि फरक योगायोगाने आला असेल, तर अँकोव्हाचे गृहीतक पटण्यासारखे आहे. पण मागच्या वर्षीच्या गुणांवरून हुशार मुले एका वर्गात टाकली असतील, तर ती मुले आपल्याच वर्गाच्या वरच्या सरासरीकडे सरकतील. दोन वर्गांतले अंतर तेवढे आकसायचे नाही, उलट वाढूही शकेल. अशा वेळी 2.2 हा आकडा नव्या पद्धतीला फुकटचे श्रेय देतो. म्हणून वर्ग कशावरून पाडले, हे आम्ही पहिल्याच भेटीत विचारतो आणि अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी देतो. मार्गदर्शकांना ते कधीकधी आवडत नाही, तरीही देतो.

पूर्वचाचणीची विश्वसनीयता

समायोजन किती व्हायचे हे उतार ठरवतो, आणि पूर्वचाचणी कच्ची असेल तर उतार खरा असायला हवा त्याहून कमी येतो. घाईत काढलेले प्रश्न, संदिग्ध पर्याय, अंदाजाने दिलेली उत्तरे यांमुळे गुणांत जी चूक मिसळते ती उताराला चापट करते. मग सुरुवातीचा फरक अर्धवटच वजा होतो.

आपल्या उदाहरणात पूर्वचाचणीची वर्गांतर्गत विश्वसनीयता 0.8 आहे असे समजा. ही चूक नसती तर उतार 0.7 भागिले 0.8, म्हणजे 0.875 आला असता. तेव्हा 5 मधून 0.875 × 4, म्हणजे 3.5 वजा होतात आणि फरक उरतो 1.5. जो वर्ग आधीच पुढे होता त्याच्या बाजूने 0.7 गुणांचे माप जास्त पडले होते, तेही चाचणीच्या कच्चेपणामुळे. प्रायोगिक वर्ग सुरुवातीला मागे असता तर हीच चूक नव्या पद्धतीच्या विरोधात गेली असती.

विद्यार्थी यादृच्छिकपणे वाटलेले असतील तर हा दोष फारसा नडत नाही, कारण गटांच्या मध्यमानांत सहसा मोठे अंतर नसते. जसेच्या तसे वर्ग घेतले की मात्र तो थेट निष्कर्षात उतरतो.

सरळ रेषा समांतर आहेत का

अँकोव्हा दोन्ही वर्गांसाठी एकच उतार वापरतो. नवी पद्धत कच्च्या मुलांना जास्त आणि पक्क्या मुलांना कमी उपयोगी पडली असेल तर दोन रेषा समांतर राहत नाहीत. मग "समायोजित फरक 2.2" हे वाक्य कोणत्याच मुलाला नीट लागू होत नाही. म्हणून आधी पूर्वचाचणी आणि गट यांची आंतरक्रिया तपासावी लागते. आर मध्ये ते असे होते:

```r
m1 <- lm(post ~ pre * group, data = d)
m2 <- lm(post ~ pre + group, data = d)
anova(m2, m1)   # उतार वेगळे आहेत का
summary(m2)     # समायोजित फरक
```

एसपीएसएस वापरणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. Analyze > General Linear Model > Univariate मध्ये पूर्वचाचणी Covariate(s) च्या चौकटीत टाकून थेट OK दाबले, तर Full factorial मॉडेलमध्ये ही आंतरक्रिया येतच नाही. कोष्टक नीटनेटके दिसते, पण समांतरतेची तपासणी झालेलीच नसते. त्यासाठी Model मध्ये जाऊन ती स्वतः जोडावी लागते. आंतरक्रिया सार्थक नाही म्हणजे रेषा समांतर आहेत हे सिद्ध झाले असेही नाही. 80 विद्यार्थ्यांत ती सहज निसटते. म्हणून आम्ही दोन्ही वर्गांचे ठिपके एकाच आलेखावर काढून बघतो. त्याच आलेखावर दोन वर्गांचे पूर्वचाचणीचे गुण एकमेकांत मिसळलेले आहेत की नाही हेही दिसते. एक वर्ग 5 ते 12 मध्ये आणि दुसरा 18 ते 30 मध्ये असेल, तर 15 गुणांवर केलेली तुलना प्रत्यक्षात नसलेल्या विद्यार्थ्यांची तुलना ठरते. तिथे अँकोव्हा लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्वचाचणीवर आधी टी-चाचणी करून "फरक सार्थक नाही, म्हणून अँकोव्हाची गरज नाही" असे लिहिण्याची प्रथा आहे. ती सोडून द्या. फरक सार्थक नसला तरी तो असतोच, आणि तो नसता तरीही पूर्वचाचणीमुळे उत्तरचाचणीतली बरीच चलता समजते व प्रमाण त्रुटी कमी होते.

जे कोणतेही समायोजन करू शकत नाही

नवी पद्धत एकाच वर्गाला मिळाली. त्या वर्गाचे शिक्षक वेगळे होते, तास दिवसाच्या वेगळ्या वेळी होता, वर्गातले वातावरणही वेगळे. हे सगळे आणि नवी पद्धत एकमेकांत मिसळून गेले आहे. अँकोव्हा पूर्वचाचणीचा फरक वजा करतो, शिक्षकांचा नाही.

याचा आकड्यांवर काय परिणाम होतो ते पाहा. पूर्वचाचणी विचारात घेतल्यावर जी चलता उरते तिच्यातला फक्त 5 टक्के भाग वर्गावर्गांतला आहे असे धरू. शाळांमध्ये एवढा असणे मुळीच नवलाचे नाही. हा भाग हिशेबात घेतला की 0.87 ची प्रमाण त्रुटी सुमारे 1.45 होते आणि टी-मूल्य 2.5 वरून 1.5 वर येते. सार्थक निकाल असार्थक होतो. दोनच वर्ग असताना हा भाग तुमच्या आकडेवारीतून मोजता येत नाही, तो बाहेरून गृहीत धरावा लागतो. एका वर्गात 40 ऐवजी 60 मुले घेऊन उपयोग नाही. दोन्ही बाजूंना चार-पाच वर्ग घेतले तर बहुस्तरीय मॉडेल लावता येते आणि मग हा प्रश्न निदान मोजण्याच्या आवाक्यात येतो. ते जमण्यासारखे नसेल तर निष्कर्ष "या दोन वर्गांपुरता" असे प्रबंधात स्पष्ट लिहावे. वाक्य आम्ही सुचवू.

आमच्याकडे काय पाठवावे

एका ओळीत एक विद्यार्थी अशी फाइल लागते. नावे काढून टाकून सांकेतिक क्रमांक द्या, सोबत वर्ग आणि दोन्ही चाचण्यांचे गुण. पूर्वचाचणीचे प्रश्ननिहाय गुण जपले असतील तर तेही पाठवा, विश्वसनीयता त्यांवरूनच काढता येते. नुसती बेरीज असेल तर ते शक्य नाही. उत्तरचाचणीला गैरहजर राहिलेल्यांच्या ओळी खोडू नका, रकाना रिकामा ठेवा. गैरहजर मुले एकाच वर्गातली आणि मुख्यतः कमी गुणांची निघाली तर समायोजनाआधी त्यांचाच विचार करावा लागतो. पूर्वचाचणी नवी पद्धत सुरू होण्याआधी झाली की पहिल्या एक-दोन पाठांनंतर, तेही तारखेसह कळवा. पाठांनंतर झाली असेल तर तिच्यात पद्धतीचा परिणाम आधीच उतरलेला असतो आणि तो वजा केला तर आपण परिणामच वजा करून बसतो.