धावफलक कुणाचा, चित्रफीत कुणाची : हायलाइट्सच्या नोंदींमागची पार्श्वभूमी

२०२३ च्या आयपीएलचा अंतिम सामना कोणत्या तारखेला झाला? ठरला होता २८ मे. त्या रात्री अहमदाबादेत पाऊस थांबलाच नाही, म्हणून खेळ २९ मेवर गेला. गुजरात टायटन्सने वीस षटकं खेळून ४ बाद २१४ केल्या, चेन्नई सुपर किंग्जच्या डावाचे तीन चेंडू पडले आणि पुन्हा पाऊस आला. खेळ परत सुरू झाला तेव्हा घड्याळात बारा वाजून गेले होते. रवींद्र जडेजाने शेवटचा चौकार मारला तो ३० मेच्या पहाटे, दीड वाजून गेल्यावर.

हायलाइट्सखाली तारीख टाकायला बसलं की असा घोळ होतो. आमच्या जुन्या सामन्यांच्या संग्रहात हा सामना काही दिवस तीन तारखांनी तीनदा नोंदला गेला होता. पण त्यापेक्षा मोठा घोळ वेगळा आहे. तारीख, संघ, सामन्याचा प्रकार आणि चार ओळींचं समालोचन लिहिताना आपण दुसऱ्याच्या मालकीचं काही उचलतोय का, हे बहुतेकांना माहीत नसतं. कुणी आकडे टाकायलाही घाबरतो, तर कुणी दुसऱ्या संकेतस्थळाचं चेंडूगणिक वर्णन जसंच्या तसं चिकटवतो आणि खाली ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ असं लिहून निश्चिंत होतो. त्या ओळीला कायद्यात काडीची किंमत नाही. कशाला आहे, ते कळायला जरा मागे जावं लागतं, आणि सुरुवात क्रिकेटपासून होत नाही, घोड्यांपासून होते.

सिडनीत व्हिक्टोरिया पार्क नावाचं रेसकोर्स होतं. शेजारच्या घरमालकाने, टेलर त्याचं नाव, आपल्या आवारात उंच मचाण बांधू दिलं. त्यावर उभा राहून एक समालोचक कुंपणापलीकडच्या शर्यती बघायचा आणि रेडिओवरून सांगायचा. लोक घरीच बसून ऐकू लागले, तिकिटं खपेनात, आणि रेसकोर्सवाले कोर्टात गेले. १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने टेलरच्या बाजूने निकाल दिला. डोळ्यांना दिसणाऱ्या खेळावर मालकी सांगता येत नाही. नको असेल तर कुंपण उंच करा, असा त्याचा मथितार्थ.

साठ वर्षांनी अमेरिकेत तोच प्रश्न पेजरवर आला. मोटोरोलाच्या एका पेजरवर बास्केटबॉलचे चालू गुण दिसायचे. गुण पुरवणाऱ्या कंपनीची माणसं सामना टीव्हीवर बघत किंवा रेडिओवर ऐकत आणि जे घडलं ते संगणकात भरत. बास्केटबॉलची लीग चालवणाऱ्या एनबीएने दावा लावला. १९९७ मध्ये अपील न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सामन्याचं प्रक्षेपण ही निर्मिती आहे, तिला कॉपीराइट आहे. सामना स्वतः कुणी लिहिलेला नाही आणि गुण ही घडलेली गोष्ट आहे, म्हणून त्यांना नाही. पेजरवाल्यांनी चित्र घेतलं नव्हतं, निवेदकाचे शब्द घेतले नव्हते. बघितलं आणि स्वतः नोंदलं, एवढंच. त्याच दशकात क्रिकइन्फोही असंच उभं राहिलं. १९९३ पासून परदेशी विद्यापीठांत शिकणारी क्रिकेटवेडी मंडळी रेडिओला कान लावून धावसंख्या टाइप करत बसायची.

आपल्याकडे हा वाद पेटला तो मोबाइलच्या एसएमएसवरून. २०१२ मध्ये स्टार इंडियाने क्रिकेट मंडळाकडून प्रक्षेपणाचे हक्क घेतले आणि त्यात मोबाइलवर माहिती पुरवण्याचे हक्कही होते. परवाना न घेता पैसे आकारून ताजी धावसंख्या कळवणाऱ्या कंपन्यांवर स्टारने दिल्ली उच्च न्यायालयात दावे लावले. मार्च २०१३ मध्ये एकल न्यायाधीशांनी मधला मार्ग काढला. परवान्याशिवाय पैसे घेऊन चेंडूगणिक माहिती द्यायची नाही, मात्र पंधरा मिनिटं उलटल्यावर बंधन नाही. ऑगस्टमध्ये खंडपीठाने तो आदेशही उलटवला. त्यांचं म्हणणं असं, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १६ नुसार त्या कायद्याबाहेरचा कॉपीराइट किंवा तसला हक्क निर्माण करता येत नाही, आणि सामन्यातली माहिती ही तथ्यं आहेत. प्रकरण तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं.

इथे एक बारीक गोष्ट हायलाइट्सवाल्यांच्या नजरेतून सुटते. भांडण होतं ताज्या माहितीचं, म्हणजे चेंडू पडल्यापासूनच्या काही मिनिटांचं. ज्या न्यायाधीशांनी स्टारला सर्वाधिक दिलं, त्यांनीही पंधरा मिनिटांपुढे कुणाला अडवलं नव्हतं. हायलाइट्सखालची नोंद सामना संपल्यावरच लिहिली जाते. म्हणजे संघ, तारीख, मैदान, प्रकार, निकाल यांच्याबाबत आपण त्या वादाच्या आतही येत नाही.

चित्राची गोष्ट उलटी. कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ प्रक्षेपण करणाऱ्याला स्वतंत्र हक्क देतं आणि तो प्रक्षेपणाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून पंचवीस वर्षं चालतो. २ एप्रिल २०११ च्या वानखेडेवरच्या विश्वचषक अंतिम सामन्याचं उदाहरण घ्या : मोजणी १ जानेवारी २०१२ पासून, मुदत २०३६ च्या अखेरपर्यंत. त्यातही कापून-जोडून तयार केलेली हायलाइट्सची फीत चित्रपट म्हणून धरली गेली, तर तिचा कॉपीराइट साठ वर्षांचा. ‘जुना सामना आहे, आता कोण विचारतो’ हा हिशेब त्यामुळे फसतो.

मग थोडीशीच चित्रफीत आणि सोबत आपलं लिखाण, असं चालेल का? कलम ३९ मध्ये चालू घडामोडींचं वार्तांकन, प्रामाणिक समीक्षा, अध्यापन, संशोधन यांसाठी प्रक्षेपणातले उतारे रास्तपणे वापरायला मुभा आहे. पण ‘रास्त’ म्हणजे किती सेकंद, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. याबाबतचा सर्वांत बोलका निकाल इंग्लंडचा आहे आणि तो क्रिकेटचाच आहे. फॅनॅटिक्स नावाच्या ॲपवर लोक टीव्हीवरच्या सामन्याचे आठ-आठ सेकंदांचे तुकडे टाकायचे, वर स्वतःची टिप्पणीही जोडायचे. इंग्लंडचं क्रिकेट मंडळ आणि सामने दाखवणारी स्काय वाहिनी कोर्टात गेले. मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की दिवसभराच्या खेळापुढे आठ सेकंद किरकोळ वाटतात, पण लोकांना बघायचे असतात नेमके तेच आठ सेकंद. बळी, झेल, शतकाची धाव : प्रक्षेपणाची किंमत तिथेच साठलेली असते. आणि तुकडा मुख्य, टिप्पणी तोंडी लावायला, असं असेल तर त्याला वार्तांकन म्हणत नाहीत. भारतीय न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, हेही खरं. तरी ‘दहा सेकंदांच्या आत असलं की सुटतो’ ही आपल्याकडची समजूत किती पोकळ आहे, ते त्यातून दिसतं.

व्यवहारात तर प्रकरण कोर्टापर्यंत जातच नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा २००७ पासून आहे. ती हक्कदाराने दिलेल्या मूळ फितीशी तुमच्या फितीतलं चित्र आणि आवाज ताडून बघते. वर्णनात तुम्ही कितीही स्वच्छ नोंदी लिहा, त्या वाचून ती फीत सोडून देत नाही. उत्तम मेटाडेटा चोरीच्या फितीला वाचवत नाही. त्याचा उपयोग तुमचं स्वतःचं चित्रण असेल, परवाना घेतलेली फीत असेल, किंवा हक्कदाराच्या अधिकृत फितीकडे नेणारी तुमची यादी असेल तेव्हा.

आता त्या पहाटेच्या सामन्याकडे परत येतो. आमच्याकडे तो शेवटी असा नोंदला :

```json
{
  "teams": ["Gujarat Titans", "Chennai Super Kings"],
  "scheduled": "2023-05-28",
  "started": "2023-05-29",
  "ended": "2023-05-30",
  "timezone": "Asia/Kolkata",
  "format": "T20",
  "overs": [20, 15],
  "result": "CSK, 5 wickets (DLS)"
}
```

तारखेचे तीन रकाने केले तेव्हा भांडण मिटलं; यादी लावायची ती खेळ सुरू झाला त्या तारखेने. षटकांचा रकाना वेगळा ठेवला, कारण नुसत्या ‘T20’ वरून पावसामुळे डकवर्थ-लुईस-स्टर्न नियमाने चेन्नईला पंधरा षटकांत १७१ करायच्या होत्या हे कळत नाही. संघाचं नाव त्या दिवशी जे होतं तेच लिहायचं : २०१२ च्या सामन्याला दिल्ली डेअरडेव्हिल्स, २०२२ च्या सामन्याला दिल्ली कॅपिटल्स. नाव साध्या अक्षरांत, बोधचिन्ह लावायचं नाही. कोण खेळलं हे सांगायला नाव पुरतं. बोधचिन्ह लावलं की फीत अधिकृत असल्याचा भास होतो आणि ट्रेडमार्कचं नवं लचांड मागे लागतं.

राहिलं समालोचन, आणि खरी चोरी इथेच होते. मराठीत बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर धावतं समालोचन रुजवलं. ‘चेंडू सीमेपार’ ही घटना कुणाचीही, पण ती त्यांनी ज्या शब्दांत सांगितली ते शब्द त्यांचे. संकेतस्थळावरच्या चेंडूगणिक वर्णनाचंही तसंच : षटकाचा क्रमांक, गोलंदाज, फलंदाज, धावा ही तथ्यं; ‘कसा मारला’ याचं वाक्य लिहिणाऱ्याचं. त्याचं मराठी भाषांतर करणं हाही कायद्याने मूळ लेखकाचाच हक्क आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. उचललेलं वर्णन ओळखू येतं ते चुकांवरून. क्षेत्ररक्षकाची जागा मुळात चुकलेली असेल तर नकलेतही ती तशीच चुकते. ‘गलीच्या डोक्यावरून’ लिहिलेलं असतं आणि फितीत गलीला कुणी उभाच नसतो.

आमची पद्धत साधी आहे. आवाज बंद करून फीत बघायची, वहीत चेंडू, टप्पा, फटका, दिशा एवढंच टिपायचं, आणि वहीवरून वाक्य करायचं. शेवटच्या दोन चेंडूंना दहा धावा हव्या होत्या, त्याची नोंद अशी झाली : ‘मोहित शर्माच्या पाचव्या चेंडूवर जडेजाचा गोलंदाजाच्या डोक्यावरून सरळ षटकार. सहावा पायांवर पडला. त्याने नुसती बॅट लावली आणि चेंडू फाइन लेगला सीमेपार गेला.’ आवाज बंद ठेवण्याचं कारण एवढंच, की निवेदकाचं वाक्य एकदा कानात बसलं की ते आपलंच वाटायला लागतं. २०११ च्या धोनीच्या त्या षटकारानंतरचं रवी शास्त्रींचं वाक्य आठवा. त्याच्याशिवाय तो फटका लिहून बघा, हात अडखळतो.

आणि काही सामन्यांत तर नोंदींशिवाय हाती काही नसतंच. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, भारत विरुद्ध झिंबाब्वे, साठ षटकांचा एकदिवसीय सामना. टीव्हीचा कॅमेरा तिथे नव्हता. ५ बाद १७ वरून कपिल देवच्या नाबाद १७५, भारत ८ बाद २६६, एकतीस धावांनी विजय. या सामन्याच्या ‘हायलाइट्स’ म्हणून जे काही फिरतं त्यात सामन्याचं प्रक्षेपित चित्र एक सेकंदभरही नाही. धावफलक मात्र आहे, आणि तो कुणीही लिहून घ्यावा.