बटण शब्दाएवढे कसे झाले: ऑटो लेआउटची पार्श्वभूमी

यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांत काम करणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कापूस खरेदीच्या नोंदींचे मोबाइल ॲप आखताना पहिल्याच पडद्यावर तालुका निवडण्याची बटणे ठेवायची होती. नमुना म्हणून ‘वणी’ लिहिले आणि बटण नेटके दिसले. त्याच मापाच्या बटणात ‘नांदगाव खंडेश्वर’ टाकताच अक्षरे दोन्ही कडांच्या बाहेर गेली. सर्वांत लांब नाव धरून सगळी बटणे रुंद करावीत, तर ‘वणी’ भल्यामोठ्या मोकळ्या पाटीवर एकटे पडते. पडद्यांची आखणी करणाऱ्यांनी ही अडचण अनेक वर्षे हाताने सोडवली आहे. आज फिग्मा या पडदे आखण्याच्या साधनात `Shift + A` दाबून ऑटो लेआउट लावले की ती सुटते, तरी त्या सोयीचे नियम असे का आहेत हे तिच्या इतिहासावाचून नीट उमगत नाही.

छापील मजकुरापुरता हा प्रश्न फार पूर्वी सुटला होता. तालुक्याच्या छापखान्यात लग्नपत्रिकेचे खिळे जुळवणारा माणूस शब्दाची रुंदी ठरवत नसे. ती खिळ्यांतून येई आणि उरलेली जागा तो कोऱ्या तुकड्यांनी भरी. डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली, तेव्हा हीच रीत ‘पेटी’ आणि तिच्याभोवतीचा ताणला जाणारा ‘गोंद’ या रूपात गणितात बसवली. चित्र काढण्याच्या साधनांनी मात्र ही वाट घेतली नाही. फोटोशॉपमध्ये बटण म्हणजे एक आयत आणि त्यावर ठेवलेला मजकूर असे दोन वेगळे थर होते आणि त्यांना एकमेकांची काहीच माहिती नव्हती.

२०१० मध्ये आलेल्या स्केच या पडदे आखण्याच्या साधनाने, तसेच फिग्मानेही, पुढे एका दिशेची सोय केली. चौकट रुंदावली की आतील वस्तूने डाव्या कडेला चिकटून राहावे, उजवीकडे सरकावे की ताणले जावे, हे सांगता येऊ लागले. फिग्मात याला `Constraints` म्हणतात. येथे माप बाहेरून आत जाते. आतला शब्द वाढला म्हणून बाहेरची चौकट हलत नाही. तालुक्यांच्या बटणांना नेमके उलटे हवे होते. ही उणीव स्केचसाठी लिहिलेल्या लहान प्लगिनांनी भरून काढली. थराच्या नावातच अंतराचे आकडे लिहून ठेवायचे, मजकूर बदलायचा आणि आज्ञा दिली की मागचा आयत नव्या मापाचा होई. जुगाडच होता, पण कामाचा होता.

नावावरून एक गैरसमज हमखास होतो: फिग्माचे ऑटो लेआउट म्हणजे ॲपलचेच. ‘ऑटो लेआउट’ हे नाव ॲपलने २०११ च्या मॅक ओएस एक्स लायनपासून वापरले, आणि त्यामागे १९९० च्या दशकात संशोधकांनी मांडलेली कॅसोवरी ही समीकरणे सोडवणारी पद्धत होती. ‘या बटणाची डावी कड त्या लेबलच्या उजव्या कडेपासून ८ अंतरावर’ अशा अनेक अटी एकत्र देऊन संगणकाकडून उत्तर काढून घ्यायचे, अशी तिची रीत. फिग्मातील ऑटो लेआउट समीकरणांचा असा संच मांडत नाही. त्याचे जवळचे नाते वेबच्या फ्लेक्सबॉक्सशी आहे, ज्याचा पहिला मसुदा २००९ मध्ये आला आणि जो २०१२ पर्यंत बराचसा स्थिरावला. तेथे वस्तू एका ओळीत किंवा एका रकान्यात मांडल्या जातात, त्यांच्यात ठरावीक अंतर असते आणि कडेला मोकळी जागा असते. वर-खाली १२ आणि दोन्ही बाजूंना २० जागा असलेले आपले बटण त्या भाषेत असे लिहिले जाते:

```
display: inline-flex;
padding: 12px 20px;
```

फिग्माने डिसेंबर २०१९ मध्ये ऑटो लेआउट आणले, तेव्हा एवढेच दिले होते: दिशा, मधले अंतर आणि कडेची जागा. त्याने बटणाचा प्रश्न मिटला. वरील आकड्यांप्रमाणे मजकूर ३० रुंद असेल तर बटण ७० चे आणि मजकूर १३० रुंद असेल तर १७० चे. ओळीची उंची २४ धरली की दोन्हींची उंची ४८. यादीचा प्रश्न मात्र अर्धवटच सुटला, कारण आता माप फक्त आतून बाहेर येत होते. यादीतील ओळीला पडद्याची रुंदीही पाळायची असते आणि नावाच्या लांबीनुसार उंचीही बदलायची असते. नोव्हेंबर २०२० च्या सुधारणेत आतल्या मजकुराएवढे होणारे `Hug contents`, बाहेरच्या चौकटीतली जागा भरणारे `Fill container` आणि ठरलेलेच राहणारे `Fixed` हे तीन पर्याय रुंदीला व उंचीला वेगवेगळे देता येऊ लागले, आणि माझ्या मते खरे वळण ते होते, २०१९ चे नव्हे.

आमच्या खरेदीच्या यादीत हे कसे बसले ते पाहू. पडदा ३६० रुंद आणि दोन्ही बाजूंना १६ सोडलेले, म्हणून ओळीला ३२८ मिळतात. उजवीकडे ‘१२.४० क्विंटल’ असे वजन, ज्याला `Hug contents`. ते सुमारे ७२ घेते. मध्ये १२ चे अंतर. शेतकऱ्याच्या नावाला रुंदीत `Fill container`, म्हणून त्याच्या वाट्याला २४४ येतात. नाव त्यात मावले नाही तर ते दुसऱ्या ओळीवर जाते. वर-खाली १२-१२ जागा आणि नोंदीच्या उंचीला `Hug contents` असल्याने ४८ उंचीची नोंद ७२ ची होते, आणि यादीही उभ्या ऑटो लेआउटमध्ये असल्याने खालच्या सगळ्या नोंदी आपोआप २४ ने खाली सरकतात.

बिघाड बहुतेक वेळा मजकुराच्या थरातच असतो. माझ्या पहिल्या मसुद्यात नाव दुसऱ्या ओळीवर जाण्याऐवजी सरळ पुढे जाऊन वजनाला पडद्याबाहेर ढकलत होते, कारण ते `Auto width` वर राहिले होते. अशा मजकुराला थांबायची कड ठाऊकच नसते. उलट, मजकूर `Fixed size` वर असेल तर बटण शब्दाला नव्हे, त्या गोठलेल्या खोक्याला बिलगते. मजकूर निवडून पाहावा: निळी चौकट अक्षरांपेक्षा लहान दिसली तर दोष तेथेच आहे. दुसरी खूण म्हणजे आतल्या वस्तूला `Fill container` देताच बाहेरच्या चौकटीचे `Hug contents` निघून `Fixed` होणे. पुष्कळांना ही फिग्माची खोडी वाटते. पण ‘तू माझ्याएवढा हो’ असे दोघेही एकमेकांना सांगू लागले तर माप कोठूनच येणार नाही, म्हणून साधन एकाचा हट्ट मोडते.

२०२३ मध्ये पुढच्या ओळीवर उतरणारी मांडणी आणि किमान-कमाल रुंदी ही भर पडली. तालुक्यांची बटणे पडद्यात मावतील तेवढी एका रांगेत बसून उरलेली खाली जाऊ लागली. ‘वणी’ला आम्ही किमान रुंदी ८८ दिली, नाहीतर कापूस वेचून आलेल्या हाताच्या अंगठ्याला ते नीट लागत नव्हते.

देवनागरीपुरती एक मर्यादा अजून उरते. `Hug contents` अक्षराची शाई मोजत नाही, ओळीची ठरवलेली उंची मोजते. ‘अंजनगाव सुर्जी’मध्ये वर रफार आणि वेलांटी, खाली उकार. इंग्रजी नमुन्यावरून अक्षराचा आकार १६ आणि ओळीची उंचीही १६ ठेवली, तर चौकट आपल्या हिशेबाने बरोबर असते, पण चौकटीबाहेरचा भाग लपवणारे `Clip content` चालू असेल आणि कडेला जागा नसेल तर रफाराचा माथा कापला जातो. आम्ही ओळीची उंची २४ केली आणि त्यानंतर प्रत्येक नवा घटक तपासताना नमुना म्हणून ‘वणी’ऐवजी हेच नाव टाकतो.