मठजीवनावर संशोधन करायचंय? प्राध्यापकांचं शिफारसपत्र असं मागा

दरवर्षी एक तरी विद्यार्थी स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणतो, "सर, पत्र पायजे होतं. उद्या शेवटची तारीख हाये." कशाचं पत्र, कुणाच्या नावानं, हे त्यालाही धड माहीत नसतं. मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर या पट्ट्यातल्या मुलांना महानुभावांचे मठ घरच्यासारखे. रिद्धपूर जवळच, आणि आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालंय. त्यामुळे संन्याशांच्या जीवनावर काम करायचं म्हणणारी मुलं वाढली आहेत. हा मजकूर त्यांच्यासाठी.

आधी घोळ मिटवू. बोनाफाईड कॉलेजचं कार्यालय देतं. तुम्ही इथले विद्यार्थी आहात एवढंच त्यात असतं. सरपंच किंवा पंचायत समिती सदस्याचं चारित्र्याचं पत्र वेगळं, त्याचा इथं उपयोग नाही. शिफारसपत्र म्हणजे तुम्हाला शिकवलेल्या माणसानं, तुमचं काम स्वतः पाहून, संशोधन संस्थेला लिहिलेलं पत्र. ते नातेवाइकाचं चालत नाही, आणि ज्या मठाचा अभ्यास करायचा त्याच मठाच्या महंतांचंही घेऊ नये. तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक देऊ शकतात का, असं मुलं विचारतात. जाहिरातीत पदाची अट नसेल तर खुशाल देऊ शकतात. तुमचा लघुप्रबंध त्यांनीच तपासला असेल, तर नुसत्या सहीच्या प्राचार्यांपेक्षा त्यांचं पत्र कितीतरी बरं.

पात्रतेचं थोडक्यात. पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात आणि राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे 5 टक्के सवलत आहे. गुण कमी असतील तर पत्र कितीही चांगलं असलं तरी ते भरून निघत नाहीत. पत्र सगळीकडे मागतातच असंही नाही. देशातल्या बऱ्याच प्रवेशांना ते लागत नाही; काही शिष्यवृत्त्यांना आणि परदेशी विद्यापीठांना मात्र दोन-तीन लागतात. जाहिरात नीट वाचा.

प्राध्यापकांकडे जाताना जाहिरातीची प्रत, दोन पानी संशोधन आराखडा, गुणपत्रिका आणि लघुप्रबंध एवढं न्या. तीन आठवडे आधी जा, कारण मोठी अडचण पुढे येते. ऑनलाइन अर्जात तुम्ही सरांचा ई-मेल भरता, संस्था त्यांना लिंक पाठवते आणि पत्र त्यांनीच चढवायचं असतं. काही अर्जांत ac.in किंवा edu.in असा संस्थेचाच ई-मेल मागतात. आपल्याकडच्या अनेक प्राध्यापकांचा तसा ई-मेल कधी उघडलेलाच नसतो, पासवर्ड कार्यालयातल्या एखाद्या लिपिकाकडे असतो. आधी एक साधा मेल पाठवून तो पोचतो का, ते बघा. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्क्यासह असावं. परदेशी अर्जात "हे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का" असं विचारतात. तिथं सहसा "हो" म्हणावं; विद्यार्थ्यानं न पाहिलेल्या पत्राला अधिक वजन असतं.

आता खरा मुद्दा. पत्रात काय असावं? हे मी एका चुकीतून शिकलो. माझी एक विद्यार्थिनी, एम.ए. मराठी, घर वासनिकांचं, म्हणजे गृहस्थ उपदेशींचं. तिचा विषय होता तपस्विनींची दिनचर्या आणि भिक्षेची बदललेली रीत. मी कौतुकानं लिहिलं, "ती पंथाची निष्ठावान अनुयायी असून अत्यंत नम्र व कष्टाळू आहे." मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न आला: तुमच्या निष्ठेला न पटणारं काही दिसलं, तर लिहाल का? माझ्या वाक्यानंच तिला अडचणीत टाकलं होतं. नम्र आणि कष्टाळू या शब्दांचा तर कुणाला काहीच उपयोग झाला नाही.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी ते पत्र फाडून नव्यानं लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा:

"अर्जदार माझ्याकडे दोन वर्षे शिकली. तिचा लघुप्रबंध लीळाचरित्रातील भिक्षेच्या प्रसंगांवर होता आणि मी त्याचे चारही मसुदे वाचले. पहिल्या मसुद्यात तिने ग्रंथातील आचार आणि आजचा आचार एकच धरला होता. मी हरकत घेतल्यावर ती एका आश्रमात सहा वेळा गेली आणि आज शिजवलेल्या अन्नाऐवजी शिधा कुठे व का घेतला जातो, याची नोंद केली. ती वासनिक कुटुंबातील आहे. त्यामुळे तिला प्रवेश सुलभ आहे. पण महंतांना न आवडणारी एक नोंदही तिने गाळली नाही, त्यांचे म्हणणे तळटीपेत दिले. ती महानुभाव पोथ्यांची सांकेतिक सकळ लिपी वाचू लागली आहे, मात्र पोथीचे स्वतंत्र संपादन तिला अद्याप जमणार नाही."

शेवटचं वाक्य वाचून ती हिरमुसली होती. पण तिचा आराखडा पोथीसंपादनाचा नव्हताच, त्यामुळे त्यानं तिचं नुकसान झालं नाही आणि बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसला. लीळाचरित्रात अटन म्हणजे भ्रमण, विजन म्हणजे एकांतवास आणि भिक्षा हे संन्याशाचे आचार पानोपानी भेटतात. मठावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल समितीला हेच हवं असतं, की ग्रंथात वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं त्याला वेगळं ठेवता येतं का. सरांना आठवण करून द्यायची असेल तर गुणांची नको, अशा एखाद्या प्रसंगाची द्या. मसुदा स्वतः लिहून "सर, फक्त सही करा" म्हणू नका. दोन विद्यार्थ्यांची पत्रं शब्दशः सारखी निघाली की दोघंही जातात.

आणखी दोन गोष्टी पत्रात आल्या तर काम सोपं होतं. पहिली, वेळापत्रक. बौद्ध भिक्खूंवर काम करायचं असेल तर आषाढ ते आश्विन पौर्णिमेचा वर्षावास सोयीचा, कारण तेव्हा ते तीन महिने एका ठिकाणी असतात. जैन साध्वींचा चातुर्मास तसाच. एरवी त्यांचा विहार चालू असतो. अर्जदारानं हे जमेस धरलंय, असं सरांनी एका वाक्यात म्हणावं. दुसरी, प्रवेशाची मर्यादा. पुरुष विद्यार्थ्याला तपस्विनींच्या निवासात राहता येणार नाही. त्याचा आराखडा तसं गृहीत धरत असेल, तर पत्र मागण्याआधी आराखडा दुरुस्त करावा.

महंतांना दाखवायचं पत्र मात्र वेगळं घ्या, हेच नेऊ नका. त्यांना तुमच्या टक्क्यांशी देणंघेणं नसतं. मुलगी किती दिवस येणार, कुठे बसणार, फोटो काढणार का, पोथीला हात लावणार का, कुणाचं नाव छापणार का, एवढं त्यांना कळायला हवं. ते एका पानात, साध्या मराठीत, "दंडवत प्रणाम" घालून लिहिलेलं असावं. त्यावर महंतांनी होकाराची सही केली, तर त्याची प्रत आराखड्याला जोडा. सही नाही म्हणाले तर आग्रह धरू नका. तोंडी होकार कोणत्या तारखेला, कुणासमोर मिळाला ते वहीत टिपा आणि सरांनाही कळवा, म्हणजे संस्थेनं फोन करून विचारलं तर त्यांना सांगता येईल.