वयस्कर कुत्र्याचा रक्ताचा रिपोर्ट: किडनी आणि लिव्हरचे आकडे कसे वाचायचे

रिपोर्ट हातात आला की नजर आधी कुठे जाते, हे आम्हाला लॅबच्या काउंटरवर रोज दिसतं. ठळक अक्षरात छापलेल्या आकड्याकडे आणि त्याच्या शेजारच्या बाणाकडे. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या रिपोर्टमध्ये हा बाण अनेकदा एएलपी या लिव्हरच्या तपासणीपुढे असतो. आकडाही मोठा असतो, त्यामुळे माणूस घाबरतो. त्याच पानावर किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन मात्र बाणाशिवाय शांत बसलेलं असतं, आणि काही वेळा खरी काळजीची गोष्ट तिथेच असते. निदान तुमचे पशुवैद्यच करतील. त्यांच्यासमोर बसण्याआधी तुम्हाला रिपोर्ट थोडा वाचता यावा, म्हणून हे पत्रक.

बाणाचा अर्थ काय?

'नॉर्मल' म्हणून छापलेली रेंज निरोगी कुत्र्यांच्या तपासण्यांवरून काढलेली असते. त्यांतल्या मधल्या 95 टक्के कुत्र्यांचे आकडे ज्या दोन टोकांमध्ये बसतात, ती रेंज. म्हणजे ठणठणीत असलेल्या 20 कुत्र्यांपैकी साधारण एकाला कुठल्याही एका तपासणीत बाण लागणारच. एका रिपोर्टमध्ये 20 तपासण्या असल्या की एखादा बाण दिसणं मुळीच नवलाचं नाही.

याची उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. रेंज सगळ्या कुत्र्यांची असते, म्हणून ती ऐसपैस असते. तुमच्या एकट्या कुत्र्याचं क्रिएटिनिन मात्र वर्षानुवर्षं थोड्याच जागेत हलतं. ते रेंजच्या खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे सरकलं तर बाण लागत नाही, तरी बदल झालेला असतो. त्यामुळे आम्ही छापलेल्या रेंजपेक्षा तुमच्याकडचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट जास्त बोलका असतो. तो फेकून देऊ नका.

चिंगीचा रिपोर्ट

चिंगी 12 वर्षांची लॅब्रॅडॉर मादी. दोन वर्षांपूर्वी तिचं वजन 29 किलो होतं, आता 26. तेव्हा क्रिएटिनिन 0.8 होतं, आता 1.3 (वरची मर्यादा 1.5). बीयूएन, म्हणजे रक्तातल्या युरियातलं नायट्रोजन, 16 वरून 27 वर, बरोबर मर्यादेच्या रेषेवर. हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. लिव्हरच्या बाजूला एएलटी 74, मर्यादेच्या आत. आणि एएलपी 640, जिथे वरची मर्यादा 150 आहे. अख्ख्या पानावर बाण एकच, एएलपीपुढे. तिला घेऊन आलेल्या काकांनी तेवढंच वाचलं आणि विचारलं, "लिव्हर गेलं का हो हिचं?"

आधी लिव्हरचंच पाहू.

एएलटी आणि एएलपी

एएलटी (काही रिपोर्टमध्ये एसजीपीटी) हे एन्झाइम लिव्हरच्या पेशींच्या आत असतं. पेशी दुखावल्या की ते गळून रक्तात येतं. कुत्र्याच्या रक्तातलं एएलटी अडीच-तीन दिवसांत निम्म्यावर येतं. म्हणून एकदाच झालेली इजा दोन-तीन आठवड्यांत आकड्यातून बरीचशी पुसली जाते, आणि महिन्यानंतरही एएलटी चढलेलंच असेल तर इजा अजून चालू आहे असं धरून पुढचा तपास करतात.

एएलपीचं वागणं वेगळं. पित्ताचा मार्ग अडला की ते वाढतं. पण कुत्र्यात त्याचं एक खास रूप असतं, जे स्टेरॉइडच्या प्रभावाने लिव्हर जास्त प्रमाणात बनवायला लागतं. माणसात हे रूप नसतं, म्हणून माणसांचे रिपोर्ट वाचायची सवय असलेले लोक इथे हमखास चुकतात. स्टेरॉइड गोळीतून किंवा इंजेक्शनमधून गेलेलं असो, त्वचेच्या मलमातून किंवा कानातल्या थेंबांमधून गेलेलं असो, एएलपी चढू शकतं. फिट्ससाठी देतात त्या फिनोबार्बिटोननेही ते वाढतं. कुशिंगच्या आजारात शरीर स्वतःच कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड जास्त बनवतं, त्यातही वाढतं. शिवाय म्हातारपणी लिव्हरमध्ये निरुपद्रवी गाठी होतात, त्यांनीही वाढतं.

या दोन्ही आकड्यांमधून लिव्हरला काहीतरी होतंय एवढंच कळतं. लिव्हर काम किती करतंय, ते दुसऱ्या ओळींवरून कळतं: अल्ब्युमिन, ग्लुकोज, कोलेस्टेरॉल, बीयूएन आणि बिलिरुबिन. पहिले चार पदार्थ लिव्हर बनवतं, ते एकत्रितपणे खाली घसरत असतील तर लिव्हर कमी पडतंय अशी शंका घ्यावी लागते. बिलिरुबिन लिव्हरने बाहेर टाकायचं असतं, ते वाढलं की हिरड्या आणि डोळे पिवळे दिसायला लागतात. झिजून आक्रसलेल्या लिव्हरमध्ये गळायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात, त्यामुळे एएलटी नॉर्मल आणि लिव्हर मात्र खचलेलं, असंही होतं. शंका असेल तिथे डॉक्टर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी पित्ताम्लांची तपासणी सांगतात.

चिंगीचे हे पाचही आकडे व्यवस्थित होते. चौकशीत कळलं की कानाला खाज सुटते म्हणून गेले चार आठवडे तिच्या कानात थेंब घालत होते. बाटली आणून पाहिली, थेंबांमध्ये स्टेरॉइड होतं. 'औषधं काही चालू आहेत का?' या प्रश्नाला काकांनी मनापासून 'नाही' म्हटलं होतं. कानातले थेंब कुणी औषधात मोजत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव.

बाण नसलेली ओळ

आता क्रिएटिनिन. ते स्नायूंमध्ये रोज ठरावीक प्रमाणात तयार होतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. गाळण्याचा वेग निम्मा झाला तर क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. हे लक्षात घेऊन चिंगीचे आकडे पाहा. 0.8 वरून 1.3 म्हणजे गाळणं पहिल्याच्या सुमारे 60 टक्क्यांवर आलं. त्यात तिचं तीन किलो वजन घटलंय आणि मांड्यांचे स्नायू हाताला कमी लागतायत. स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिनची निर्मितीच कमी. म्हणजे खरी घट 1.3 हा आकडा दाखवतो त्याहूनही जास्त असू शकते. रोडावलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात क्रिएटिनिन आपल्याला असंच गाफील ठेवतं. एसडीएमए ही तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, म्हणून अशा कुत्र्यांत ती सोबत करून घ्यावी.

बीयूएन एकटं पाहून फार काही कळत नाही. भरपूर मांस खाल्लं, शरीरातलं पाणी कमी झालं, किंवा जठरात रक्तस्राव होत असला (शी डांबरासारखी काळी होते) तरी ते वाढतं. काही लॅब बीयूएनऐवजी युरिया छापतात. बीयूएनला 2.14 ने गुणलं की युरिया येतो, तेव्हा 20 बीयूएन आणि 43 युरिया ही एकच गोष्ट आहे. लॅब बदलली आणि आकडा एकदम दुप्पट झाला, तर आधी हे नाव तपासा.

लघवीशिवाय किडनीचा रिपोर्ट अर्धाच

चिंगीच्या डॉक्टरांनी लघवी मागवली. आम्ही लघवीचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवतो, झाकण लावून उजेडाकडे धरतो आणि निळ्या-पांढऱ्या भागांमधली रेष कुठे आहे ते वाचतो. त्यावरून लघवी किती दाट आहे ते कळतं. पाणी म्हणजे 1.000. किडनीने काहीच मेहनत घेतली नाही तर लघवी 1.008 ते 1.012 च्या आसपास राहते. पाणी राखून ठेवायची गरज पडली की निरोगी किडनी ती 1.030 च्या पुढे नेते.

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं आणि लघवी दाट, तर बहुधा शरीरात पाणी कमी आहे, किडनी आपलं काम करतेय. क्रिएटिनिन वाढलेलं आणि लघवी पातळ, तर संशय किडनीवर येतो. चिंगीची सकाळची पहिली लघवी 1.012 निघाली.

पण इथे घाई करून चालत नाही. स्टेरॉइडनेही लघवी पातळ होते, कुशिंगनेही होते, आणि एएलपी तर चढलेलंच होतं. म्हणून डॉक्टरांनी थेंब बदलले आणि सहा आठवडे थांबायला सांगितलं. सहा आठवड्यांनी एएलपी 210 वर आलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर कुशिंगची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करायची ठरलं होतं. लघवी मात्र 1.013, पातळच. क्रिएटिनिन 1.4, एसडीएमए 19.

इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटीच्या वर्गवारीत कुत्र्यांचं क्रिएटिनिन 1.4 ते 2.8 किंवा एसडीएमए 18 ते 35 म्हणजे जुनाट किडनीविकाराची दुसरी पायरी. एकूण पायऱ्या चार. एकाच रिपोर्टवरून पायरी ठरवत नाहीत. कुत्रं स्थिर असताना, शरीरात पाणी पुरेसं असताना दोनदा तपासून ठरवतात. त्यानंतर लघवीतल्या प्रोटीनचं प्रमाण (यूपीसी) आणि रक्तदाब पाहतात, कारण हे दोन्ही वाढलेले असतील तर किडनी लवकर झिजते आणि दोन्हींवर औषध आहे. चिंगीचं यूपीसी 0.3 आलं. 0.5 च्या वर काळजी, 0.2 च्या खाली निर्धास्त, म्हणजे ती मध्ये होती. रक्तदाब ठीक होता. कमी फॉस्फरसचा किडनीसाठीचा आहार सुरू झाला, पाण्याची भांडी वाढवली आणि सांधेदुखीसाठी अधूनमधून दिली जाणारी गोळी डॉक्टरांनी बंद केली, कारण त्या प्रकारच्या वेदनाशामकांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. लिव्हरसाठी वेगळं काहीच करावं लागलं नाही.

नमुना देताना

रक्त 8 ते 12 तास उपाशीपोटी द्यावं. पाणी मात्र अजिबात तोडू नका, पाणी तोडलं तर किडनीचे आकडे खोटेच चढतात. जेवण करून आलेल्या कुत्र्याचं सीरम काही वेळा दुधासारखं गढूळ येतं आणि त्यात काही आकडे चुकतात. असं सीरम दिसलं तर आम्ही तुम्हाला फोन करून परत बोलावतो, त्याचा राग मानू नका.

लघवी सकाळची पहिली, फिरायला नेताच धरा. मादीसाठी उथळ ताटली मागून हळूच सरकवायची, नरासाठी लांब दांड्याचा डाव सोपा पडतो. भांडं धुऊन पूर्ण कोरडं करा, त्यात राहिलेलं पाणीही रेष खाली ओढतं. फरशीवरची लघवी उचलून आणू नका. दोन-तीन तासांत पोचवता येत नसेल तर झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी आणा.

सोबत जुने रिपोर्ट आणा, कुत्र्याचं वजन लिहून आणा, आणि गेल्या दोन महिन्यांत अंगावर लावलेलं, कानात किंवा डोळ्यात घातलेलं, तोंडाने दिलेलं जे काही असेल त्या प्रत्येकाची बाटली किंवा निदान वेष्टनाचा फोटो आणा.