अंतर्गत रोध, विद्युत घटाचा

अंतर्गत रोध : विद्युत घटातून धारा वाहताना घटाच्या आतूनच तिला होणारा अडथळा. तो r या अक्षराने दाखवतात. घट मोकळा असताना त्याच्या दोन अग्रांमध्ये जे विभवांतर मिळते ते त्याचे विद्युत चालक बल (E). घटाला भार (R) जोडून धारा (I) सुरू झाली की E चा काही भाग आतच खर्च होतो आणि अग्रांवर V = E − Ir एवढेच विभवांतर उरते. घट प्रभारित होत असताना धारा उलट दिशेने जाते, म्हणून तेव्हा V हे E पेक्षा जास्त भरते.

या कल्पनेचे मूळ गेओर्ग ओहम यांच्या १८२६ मधील प्रयोगांत दिसते. आरंभी त्यांनी व्होल्टा पद्धतीचे घट वापरले. परंतु त्या घटांची धारा प्रयोग चालू असतानाच घटत जाई. भौतिकीविज्ञ पोगेनडोर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ व तांबे यांचे तापयुग्म घेतले, त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला आणि वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून पाहिल्या. निष्कर्ष X = a/(b + x) या सूत्रात बसले. येथे X ही धारेची तीव्रता, a ही उगमाच्या बलावरून ठरणारी राशी आणि x ही तारेची लांबी. तार बदलली तरी न बदलणारी राशी b, म्हणजे मंडलाच्या उरलेल्या भागाचा रोध. उगमाचा स्वतःचा रोध भाराच्या रोधात मिळवायचा असतो, हे यात स्पष्ट आहे.

भाराला जास्तीत जास्त शक्ती केव्हा मिळते, या नियमाचे श्रेय सहसा सेंट पीटर्झबर्ग येथील मोरित्स याकोबी यांना दिले जाते. काळ साधारणपणे १८४० च्या सुमाराचा मानतात. नियम ओहम यांच्या सूत्रातून थेट निघत असल्याने, याकोबींनी तो विद्युत चलित्रांच्या संदर्भात पुढे आणला असे म्हणणे अधिक रास्त वाटते. भारातील शक्ती P = E²R/(R + r)². हीच राशी E²/[(√R − r/√R)² + 4r] अशी लिहिली की कलनाची गरज उरत नाही : कंसातील वर्ग शून्य झाला की छेद लघुतम होतो. म्हणजेच R = r असताना शक्ती महत्तम असते आणि तिचे मूल्य E²/4r.

उदाहरणार्थ, E = १.५ व्होल्ट व r = ०.५ ओहम असलेला घट घेऊ. भार २.५ ओहम असेल तर धारा ०.५ अँपिअर, अग्रांवर १.२५ व्होल्ट आणि भारात ०.६२५ वॉट, आत फक्त ०.१२५ वॉट उष्णता होते. भार ०.५ ओहम केला की धारा १.५ अँपिअर होते, अग्रांवर ०.७५ व्होल्ट उरतात आणि भारात १.१२५ वॉट जातात. पण तेवढीच शक्ती घटाच्या आतही जळते. भार १ ओहम असो वा ०.२५ ओहम, शक्ती १ वॉटच मिळते. मात्र पहिल्या वेळी आतला व्यय ०.५ वॉट, तर दुसऱ्या वेळी २ वॉट. महत्तमाहून कमी असलेली कोणतीही शक्ती अशा दोन भारांना मिळते आणि त्यांच्या रोधांचा गुणाकार r² असतो. त्यांतला मोठा रोधच घटाला सोसवणारा.

महत्तम शक्ती म्हणजे महत्तम कार्यक्षमता नव्हे; R = r असता कार्यक्षमता निम्मीच असते. एकोणिसाव्या शतकात मात्र ५० टक्के ही जनित्रांची मर्यादाच आहे असा समज काही काळ होता. म्हणून १८७९ च्या सुमारास एडिसन यांनी सुमारे ९० टक्के कार्यक्षमतेचा दावा केला तेव्हा तो अनेकांना पटला नाही. त्यांच्या जनित्राचा अंतर्गत रोध भाराच्या मानाने बराच कमी ठेवलेला होता. नियम r स्थिर धरून R निवडण्याविषयी आहे; R ठरलेला असून r निवडायचा असेल, तर तो जितका कमी तितके चांगले.

r ही घटाची कायमची ओळख नाही. विद्युत अपघटनीचा रोध, अग्रांवरील रासायनिक क्रियेचा संथपणा आणि ध्रुवण यांचा तो एकत्रित परिणाम असतो. थंडीत, तसेच घट जुना झाल्यावर तो वाढतो. लेक्लांशे घटावर विभवमापकाने r = R(l₁/l₂ − 1) काढताना l₁ ही घट मोकळा असतानाची व l₂ ही कळ दाबून R जोडल्यावरची संतुलन-लांबी असते; कळ दाबून धरली की ध्रुवणामुळे l₂ सरकत राहतो आणि r फुगलेला येतो; कळ क्षणभरच दाबावी. १ किलोहर्ट्‌झ प्रत्यावर्ती धारेने मोजलेला रोध एकदिश धारेने मोजलेल्यापेक्षा सहसा कमी येतो, कारण तेवढ्या वेळात संथ क्रियांना वाव मिळत नाही.

मोटारीची जुनी बॅटरी मल्टिमीटरवर १२.५ व्होल्ट दाखवते, पण किल्ली फिरवताच दिवे मंदावतात आणि स्टार्टर नुसताच ‘टक’ करतो, ते याच r मुळे. मल्टिमीटर जवळजवळ धारा घेतच नाही, म्हणून त्याला फक्त E दिसतो. स्टार्टरने १५० अँपिअर घेतले तर ०.०१ ओहमावर १.५ व्होल्ट पडतात, ०.०३ ओहमावर ४.५. म्हणून बॅटरी भाराखाली तपासावी.