मेंदी काढल्यावर केशरी दिसते, ती दोन दिवसांत गडद कशी होते?

वाळलेली मेंदी खरवडून काढली की तळहात भडक केशरी दिसतो, लाल भोपळ्याच्या फोडीसारखा. इथेच बऱ्याच जणींचा धीर सुटतो. ‘रंगलीच नाही’ म्हणत कुणी हात साबणाने खसाखसा धुते, तर कुणी त्याच नक्षीवरून पुन्हा कोन फिरवायला बसते. खरं तर त्या घडीला मेंदी केशरीच दिसायला हवी. अस्सल पानांची मेंदी पहिल्या तासात गडद दिसूच शकत नाही, कारण तिचा रंग लेपात पूर्ण तयार झालेला नसतो. त्याचा मोठा भाग लेप निघाल्यावर, कातडीच्या आत तयार होतो.

मेंदीच्या हिरव्या पानात रंगद्रव्य मोकळं नसतं. रंग देणाऱ्या रेणूचं नाव लॉसोन, पण पानात त्याचं कच्चं रूप साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं. या जोडगोळ्यांना हेनोसाइड म्हणतात. पान सुकवलं, दळलं, चाळलं तरी ही गाठ सुटत नाही, म्हणून कोरडी पूड हातावर चोळली तर रंग येत नाही. पुडीत पाणी पडलं की पानातलीच विकरं कामाला लागतात आणि साखर सुटी होते. मागे उरतो तो लॉसोनचा कच्चा रेणू. तो लहान असतो, ओल्या लेपातून सहज सरकतो आणि फार अस्थिर असतो. हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचा लॉसोन होतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. रात्री भिजवलेल्या मेंदीचं भांडं सकाळी उघडलं तर वरचा थर तपकिरी दिसतो आणि चमच्याने उकरलं की खाली हिरवं. वर हवा लागली, तिथे कच्च्या रेणूचं ऑक्सिडीकरण झालं. खाली हवा पोचली नाही, तिथे तो अजून कच्चाच आहे. चिरून ठेवलेल्या वांग्याच्या फोडी काळ्या पडतात, तीही ऑक्सिजनचीच करणी. फरक एवढाच की वांग्यात ते काम विकर करून घेतं, इथे हवा पुरते.

हातावर कोन फिरवताना याच अधल्यामधल्या अवस्थेतला लेप लागला पाहिजे. साखर सुटलेली हवी, पण कच्चा रेणू संपलेला नको. भिजवून लगेच लावलेली मेंदी फिकी रंगते ती साखरेची गाठ न सुटल्यामुळे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस बाहेर राहिलेली मेंदीही फिकी रंगते, कारण कच्चा रेणू भांड्यातच पक्का होऊन गेलेला असतो. लिंबाचा रस घालतात त्याचा उपयोगही इथेच आहे. आंबटपणामुळे ऑक्सिडीकरण मंदावतं आणि लेप जास्त वेळ वापरण्याजोगा राहतो.

प्रमाण सांगायचं तर, १०० ग्रॅम बारीक चाळलेल्या पुडीला साधारण २५ ते ३० ग्रॅम साखर, २५ ते ३० मिलीलिटर निलगिरी किंवा लॅव्हेंडरचं सुगंधी तेल आणि २५० ते ३०० मिलीलिटर पातळ पदार्थ लागतो, मग तो लिंबाचा रस असो, पाणी असो किंवा दोन्ही मिळून. साखरेने लेप चिवट होतो आणि लवकर तडकत नाही. पातळ पदार्थ एकदम ओतू नये, कारण काही तासांनी लेप आपोआप सैल पडतो. ३० अंशांच्या आसपासच्या खोलीत तो रात्रभरात तयार होतो, थंडीत जास्त वेळ घेतो. तयार झाला का, हे घड्याळाला न विचारता तळहाताला विचारावं. एक ठिपका लावून पाच मिनिटांनी पुसला आणि खाली स्पष्ट केशरी डाग दिसला, की कोन भरावेत. त्याच दिवशी लावायचे नसतील तर कोन डीप फ्रीझरमध्ये ठेवावेत, नुसत्या फ्रीजमध्ये लेप हळूहळू उतरतच राहतो.

आता कातडीकडे वळू. सर्वांत वरच्या थरात जिवंत पेशी नसतात. तिथे केराटिन या प्रथिनाने भरलेल्या, चपट्या, मेलेल्या पेशी कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. ओल्या लेपातला कच्चा रेणू आणि थोडाफार तयार लॉसोन या थरांत झिरपतात. लॉसोन केराटिनशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून मेंदी हळदीसारखी एका धुण्यात फिकी पडत नाही. लेप निघतो त्या क्षणी वरच्या थरांतल्या ताज्या लॉसोनचा रंग आपल्याला दिसतो. लॉसोन प्रकाशातला निळा भाग शोषतो, आणि निळा वजा झालेला प्रकाश आपल्या डोळ्याला केशरी भासतो.

पुढचे दोन दिवस त्या थरांमध्ये दोन गोष्टी चालू राहतात. कच्चे रेणू लॉसोनमध्ये बदलत जातात, म्हणजे रंगद्रव्य वाढतं. आणि केराटिनला जोडला गेलेला लॉसोन हवेच्या संपर्कात आणखी बदलतो, त्याचा केशरीपणा कमी होऊन लाल-तपकिरी छटा चढते. लेप हातावर असताना हवा जवळजवळ अडलेली असते. तो निघाल्यावर ती मोकळी पोचते, म्हणून रंगाची खरी चढाई तेव्हापासून मोजायची. मेंदी लावल्याची वेळ धरून ४८ तास मोजले तर हिशेब अर्ध्या दिवसाने चुकतो.

लग्नघरात हा अर्धा दिवस महागात पडू शकतो. समजा, रविवारी सकाळी मुहूर्त आहे आणि शनिवारी हळद. बऱ्याच घरी मेंदी शुक्रवारी रात्री ठेवतात. दहाला लावून झाली, रात्रभर ठेवली, शनिवारी सकाळी सहाला काढली. दहा वाजता हळद लागते आणि लगोलग उटणं लावून गरम पाण्याने आंघोळ होते. म्हणजे लेप निघून पाच तासही झालेले नाहीत. केराटिनला अजून न जोडले गेलेले रेणू कातडी पाण्याने फुगताच धुऊन जातात आणि उटण्याच्या घासण्याने वरचे थर निघतात, ज्यांत रंग सर्वांत दाट असतो. त्यावर हळदीचा पिवळा थर, त्यामुळे हात आणखीच फिके वाटतात.

हीच मेंदी गुरुवारी संध्याकाळी लावली तर चित्र बदलतं. शुक्रवारी सकाळी सहाला लेप निघाला तेव्हा हात केशरी. दुपारपर्यंत केशरीत तांबूस झाक येते. रात्री विटेसारखा रंग दिसतो. शनिवारी हळदीच्या वेळी २८ तास उलटलेले असतात, बराचसा रंग पक्का झालेला असतो, आणि तळहाताला उटणं न चोळण्याची काळजी घेतली की नुकसान फारसं होत नाही. रविवारी सकाळी ४८ तास पुरे होतात आणि अक्षता पडताना रंग आपल्या सर्वांत गडद रूपात असतो. मेंदीची रात्र ठरवताना मुहूर्ताआधी हळदीच्या आंघोळीची वेळ विचारावी, असं आमचं ठाम मत आहे.

लेप किती वेळ ठेवला, यावर आत किती द्रव्य झिरपलं हे ठरतं. तासाभरात काढलेली मेंदी दोन दिवसांनीही तांबूसच राहते. सहा ते आठ तास ठेवली तर गडद होते. पण लेप पूर्ण कोरडा झाला की झिरपणं थांबतं, म्हणून अर्धवट सुकल्यावर लिंबू-साखरेचं पाणी कापसाने हलकेच टिपतात. इथे सढळ हात नको. पाणी जास्त झालं की लेप ओघळतो आणि नक्षीच्या कडा पसरतात. काढतानाही पाणी वापरू नये. बोथट सुरीने किंवा हातांवर हात चोळून खरवडावं आणि खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा, म्हणजे चुकून पाणी लागलं तरी कातडी कमी भिजते. पहिले १२ तास तरी पाणी टाळावं, दिवसभर जमलं तर उत्तमच. तेच तेल मेंदी लावण्याआधी मात्र नको. तेलकट कातडीत ओला लेप शिरत नाही.

तव्यावर लवंगा टाकून त्यांच्या धुरावर हात धरण्याची जुनी रीत आहे. तिच्यात मुख्य काम उबेचं. ऊब मिळाली की झिरपणंही वेगाने होतं आणि जोडणीही. वातानुकूलित हॉलमध्ये गारठलेल्या हातांवर तीच मेंदी एक छटा कमी चढते. तवा इतकाच गरम असावा की हात वर सुखाने धरता येईल.

एकाच कोनातली नक्षी तळहातावर गडद, हाताच्या मागे मध्यम आणि दंडाजवळ फिकी का, याचं उत्तर त्या मेलेल्या पेशींच्या थरात आहे. तळहात-तळपायावर तो बाकी अंगापेक्षा कित्येक पट जाड असतो, म्हणजे रंग साठवायला केराटिन जास्त. शिवाय तिथे तेलग्रंथी नसतात. तपासायचं असेल तर एकाच वेळी तळहात, मनगट आणि दंडावर सारखे ठिपके लावा, सहा तासांनी काढा आणि ४८ तासांनी शेजारी धरून पाहा. गडद मेंदीवरून सासूच्या किंवा नवऱ्याच्या प्रेमाचं माप काढणाऱ्यांना हे तीन ठिपके जरूर दाखवावेत. ज्या मुलीच्या तळहाताची कातडी पातळ आहे किंवा हात सतत गार असतात, तिला त्या दिवशी उगीच बोल ऐकावे लागतात.

पुढे रंग उतरतो तोही याच थरामुळे. वरच्या पेशी रोज झडतात आणि बांधलेला लॉसोन त्यांच्याबरोबर जातो. एक ते तीन आठवड्यांत नक्षी संपते, आणि जाता जाता ती पुन्हा केशरी दिसते, कारण उरलेल्या थरांत रंग विरळ असतो.

हे सगळं समजलं की बनावट मेंदीही ओळखता येते. लेप काढल्यावर तासाभरात हात काळा किंवा गडद तपकिरी दिसला, तर तो रंग पानाचा नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लेपात बहुधा पॅराफेनिलीनडायमीन असतं, केसांच्या काळ्या रंगात वापरतात तेच. त्याने काही जणांना नक्षीच्या आकाराचे फोड येतात आणि एकदा ॲलर्जी जडली की केसांचा रंगही आयुष्यभर सोसत नाही. फ्रीजबाहेर महिनोन् महिने टिकणाऱ्या कोनाचाही संशय घ्यावा, कारण खऱ्या लेपातला कच्चा रेणू इतके दिवस थांबत नाही. अस्सल मेंदीलाही एक अपवाद आहे. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी लॉसोनमुळे फुटू शकतात. तान्ह्या बाळात ही कमतरता आहे की नाही हे बहुतेकदा ठाऊक नसतं, त्यामुळे बारशाला हौसेनेसुद्धा बाळाच्या हातापायांना मेंदी लावू नये.